केस स्टडीचा पेपर: अर्ध्या पानाची, पाच घरांची चौकट

प्रश्न: एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. पेपरात केस आली की स्वॉट, फाइव्ह फोर्सेस सगळं लिहीत बसतो. पानं भरतात, पण मार्क निम्म्यावरच अडकतात आणि शेवटच्या उपप्रश्नाला वेळ उरत नाही. परीक्षेत पटकन भरता येईल अशी एखादी चौकट आहे का? ४५ मिनिटांची केस धरून सांगा.

उत्तर:

आहे, आणि ती अर्ध्या पानात मावते. पुरवणीच्या मागच्या पानावर ‘कच्चं काम’ असं लिहा आणि पाच घरं आखा: निर्णय, कारण, निकष, पर्याय, पावलं. पहिल्या दोन घरांना एकेक ओळ पुरते, चौथ्याला मात्र ऐसपैस जागा ठेवा.

यात स्वॉट नाही, ते मुद्दाम. स्वॉटमध्ये केसमधली माहिती चार कप्प्यांत वाटली जाते, बस. त्यातून ‘मग करायचं काय’ याचं उत्तर निघत नाही. मी केस तपासायला घेतो तेव्हा आधी शिफारस शोधतो आणि ती कशावर उभी आहे हे बघायला मागे येतो. मागे दोन पानं स्वॉट असेल आणि शिफारशीत त्यातला एकही मुद्दा वापरलेला नसेल, तर त्या दोन पानांना द्यायला माझ्याकडे मार्क नसतात.

नुसती चौकट सांगून उपयोग नाही, म्हणून एक केस पूर्ण भरून दाखवतो. केस मी रचलेली आहे, पण पेपरात येतात त्याच वळणाची.

ऑफिसच्या खुर्च्या बनवणारी एक कंपनी आहे. एक साधी, ठरावीक मॉडेलची खुर्ची आणि दुसरी खास, म्हणजे ग्राहक सांगेल तसं कापड आणि मापं बदलून दिलेली. साधी २,००० ला विकली जाते आणि तिचा बदलता खर्च १,४०० आहे. खास खुर्ची ३,५०० ला जाते, बदलता खर्च २,७५०. गेल्या वर्षी महिन्याला ८०० साध्या आणि ६० खास खुर्च्या जात होत्या, यंदा ७२० आणि २००. विक्री १८ टक्क्यांनी वाढली, नफा मात्र १५ टक्क्यांनी घसरला. साध्या खुर्च्या घेणारे मोठे ग्राहक उशिराबद्दल बिलातून दंड कापून घेतात. उत्पादन प्रमुख म्हणतात, कव्हर शिवायची दुसरी लाइन घ्या. विक्री प्रमुख म्हणतात, वाढ खास खुर्च्यांनीच आणली आहे, त्यांना हात लावू नका. दोन आठवड्यांनी संचालक मंडळाची बैठक आहे. व्यवस्थापकीय संचालकांनी काय करावं?

सोबत एक परिशिष्ट आहे. साध्या खुर्चीच्या कव्हरला अर्धा तास शिवण लागते, खासला दीड तास. शिवण विभागाची क्षमता महिन्याला ६०० तास. स्थिर खर्च महिन्याला ३,००,०००. ओव्हरटाइमला तासामागे ३०० जादा द्यावे लागतात. साध्या खुर्च्यांना मागणी महिन्याला ९०० ची आहे, खासला २०० ची. आणि तिसऱ्या पानावर, भलत्याच परिच्छेदात, एक वाक्य सहज टाकलेलं: विक्रीच्या माणसांना कमिशन विक्रीच्या रकमेवर मिळतं.

वाचायला सुरुवात वरून करू नका. आधी प्रश्न, मग केसचा शेवटचा परिच्छेद, मग परिशिष्टातले तक्ते, आणि त्यानंतर उरलेला मजकूर. असं केलं की मजकूर वाचताना तुम्ही काहीतरी शोधत असता. वरून वाचणाऱ्याला कंपनीच्या संस्थापकाचा इतिहास लक्षात राहतो आणि कमिशनचं वाक्य निसटतं. वाचनाला बारा मिनिटं पुष्कळ झाली.

पहिलं घर, निर्णय. कोणी, केव्हापर्यंत, कोणत्या मर्यादेत, काय ठरवायचं आहे हे एका वाक्यात लिहा. इथे बहुतेकांच्या हातून पहिलं वाक्य असं उतरतं: ‘दुसरी लाइन घ्यावी की नाही?’ हा प्रश्न तुमचा नाही, उत्पादन प्रमुखांचा आहे. केसमधल्या एखाद्या पात्राने पुढे केलेला उपाय तुम्ही प्रश्न म्हणून उचललात की बाकीचे उपाय नजरेआड होतात. चूक ओळखायला सोपी आहे. तुमच्या वाक्याला नुसतं हो किंवा नाही असं उत्तर देता येत असेल, तर वाक्य बदला. मी असं लिहीन: ‘व्यवस्थापकीय संचालकांनी दोन आठवड्यांत ठरवायचं आहे की शिवणाचे मर्यादित तास कोणत्या खुर्च्यांवर किती खर्च करायचे आणि ते तास वाढवायचे का.’

दुसरं घर, कारण. इथे लक्षणांकडून मागे जायचं. ‘का?’ विचारत मागे जाण्याची ही रीत टोयोटाच्या कारखान्यातून आली. ती पाच वेळा विचारायची असं शिकवतात, पण परीक्षेत तीनदा पुरतं. नफा का घसरला? ओव्हरटाइम आणि दंड. ते का लागले? शिवण विभागाला तास पुरत नाहीत. का पुरत नाहीत? इथे थांबून गुणाकार करा. गेल्या वर्षी ८०० साध्यांचे ४०० तास आणि ६० खासचे ९०, एकूण ४९०. यंदा ७२० साध्यांचे ३६० आणि २०० खासचे ३००, एकूण ६६०. खुर्च्या ८६० वरून ९२० झाल्या, म्हणजे जेमतेम सात टक्के वाढ, आणि तास ३५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे काम वाढलं त्यापेक्षा कामाचं मिश्रण जास्त बदललं. ते का बदललं, याचं उत्तर त्या कमिशनच्या वाक्यात आहे. रकमेवर कमिशन असेल तर माणूस ३,५०० ची खुर्ची विकणारच. शिवणाचे तास त्याच्या हिशेबात कुठे येतच नाहीत.

सापडलेलं कारण खरं की नुसतं लक्षण, याच्या दोन कसोट्या आहेत. ते सगळी लक्षणं समजावून सांगतं का? आणि कंपनीला ते बदलता येतं का? ‘विक्री आणि उत्पादन विभागांत समन्वय नाही’ हे वाक्य मला निम्म्याअधिक पेपरांत सापडतं. ते खोटं नसतं, पण दोन्ही कसोट्यांवर पडतं. समन्वय नाही म्हणून शिवणाचे तास पस्तीस टक्के वाढत नाहीत.

आता या केसचा गाभा. एका खुर्चीमागे कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे किंमत वजा बदलता खर्च, साधीचं ६०० आणि खासचं ७५०. इथेच पेन थांबवणारा विद्यार्थी खास खुर्चीच्या बाजूने लिहीत सुटतो. पण अडतं कुठे? शिवणाच्या तासांवर. म्हणून भागाकार तासाने करायचा. साधी खुर्ची तासाला १,२०० देते, खास फक्त ५००. शब्दांत मांडायचं तर, एक खास खुर्ची घेतली की तीन साध्या खुर्च्यांची जागा जाते: ७५० मिळतात आणि १,८०० हातचे जातात. हे एक वाक्य उत्तरपत्रिकेत अधोरेखित करा. कॉस्टिंगच्या पेपरात यालाच लिमिटिंग फॅक्टर म्हणतात. केसमध्ये तोच गोष्टीच्या कपड्यांत येतो आणि म्हणून ओळखू येत नाही.

लगेच यंदाचा नफा जुळतो का बघा. ७२० गुणिले ६०० म्हणजे ४,३२,०००, आणि २०० गुणिले ७५० म्हणजे १,५०,०००, मिळून ५,८२,०००. त्यातून ६० तासांच्या ओव्हरटाइमचे १८,००० गेले आणि परिशिष्टात दिलेला ७२,००० दंड गेला. राहिले ४,९२,०००, आणि स्थिर खर्च वजा जाता नफा १,९२,०००. गेल्या वर्षी याच हिशेबाने २,२५,००० होता. घसरण १५ टक्क्यांच्या जवळ बसते, म्हणजे आकडे आपण बरोबर वाचले. हा ताळा एका मिनिटाचा आहे, तो वगळू नका. जुळला नाही तर केसमधला एखादा खर्च तुमच्या नजरेतून सुटला आहे.

तिसरं घर, निकष. हे पर्यायांच्या आधी भरायचं. पर्याय आधी लिहिले की आवडत्या पर्यायाला सोयीचे निकष सुचतात, आणि ते वाचणाऱ्याला कळतं. तीनच घ्या. एक पूर्वअट, जी पाळली नाही तर पर्याय बादच. आणि दोन तुलनेचे. निकष केसमधल्या माणसांच्या तक्रारींतून उचला. इथे पूर्वअट अशी: साध्या खुर्च्यांच्या मोठ्या ऑर्डरी वेळेवर जायलाच हव्यात. तुलनेला महिन्याचा नफा आणि निर्णय किती सहज मागे घेता येतो हे दोन. ‘गुणवत्ता’, ‘ग्राहक समाधान’, ‘दीर्घकालीन वाढ’ असे निकष लिहायला हरकत नाही, पण तक्त्यात त्यांच्यापुढे तिन्ही पर्यायांना तुम्ही ‘चांगलं’ असंच लिहिणार असाल, तर तो निकष काहीच वेगळं करत नाही. खोडा.

चौथं घर, पर्याय. तीन हवेत, आणि एकमेकांपासून खरोखर वेगळे. ‘छोटी लाइन, मोठी लाइन, मध्यम लाइन’ हा एकच पर्याय झाला. शिवाय ‘आहे तसं चालू ठेवणं’ हे तुलनेसाठी पहिल्या ओळीत असू द्या. लाइनचा महिन्याचा खर्च हप्ता आणि पगार धरून १,५०,००० आहे, ती ३०० तास वाढवते आणि उभी राहायला सहा महिने लागतात. बाहेरून शिवून घेतलं तर खास खुर्चीमागे ४०० जादा पडतात. हेही परिशिष्टातलंच धरा.

| पर्याय | वेळेवर ऑर्डर | महिन्याचा नफा | मागे घेणं |
|---|---|---|---|
| आहे तसं | नाही | १,९२,००० | – |
| दुसरी लाइन | सहा महिन्यांनी | २,४०,००० | अवघड |
| साधी आधी, खास १०० पुरती, कमिशन बदल | लगेच | ३,१५,००० | सोपं |
| खासचं शिवणकाम बाहेर | बाहेरच्याने वेळ पाळली तर | ३,१०,००० | सोपं |

आकडे कसे आले ते थोडक्यात. तिसऱ्या ओळीत ९०० साध्यांना ४५० तास जातात, उरलेल्या १५० तासांत १०० खास बसतात. ५,४०,००० अधिक ७५,०००, वजा स्थिर खर्च. ओव्हरटाइम नाही, दंड नाही. या मिश्रणाची विक्री येते २१,५०,०००, आणि आज आहे २१,४०,०००. विक्री जवळपास तीच आणि नफ्यात १,२३,००० चा फरक. विक्री प्रमुखांना पटवायला दुसरं काही लागत नाही. दुसऱ्या ओळीत सगळी मागणी पुरी होते, पण स्थिर खर्च ४,५०,००० होतो. चौथ्या ओळीत २०० खास खुर्च्यांमागे ३५० च उरतात.

शेवटच्या दोन ओळींत फरक फक्त ५,००० चा आहे. इथे ‘तिसऱ्याचा नफा जास्त, म्हणून तिसरा’ असं लिहिणं कच्चेपणाचं. केसमधले आकडे अंदाजाचे असतात आणि एवढा फरक त्यात विरून जातो. निवड पूर्वअटीवर करा: तिसरा पर्याय पूर्णपणे कंपनीच्या हातात आहे, चौथा बाहेरच्या माणसाच्या वेळेवर आणि शिवणीवर अवलंबून आहे. आणि निवडलेल्या पर्यायाची किंमत स्वतःहून सांगून टाका. तिसऱ्यात महिन्याला १०० खास खुर्च्यांचे ग्राहक परत पाठवावे लागतात. हे लपवलेलं उत्तर मला अर्धवट वाटतं.

पाचवं घर, पावलं. कोण, केव्हा, कशावरून कळेल. पहिल्या आठवड्यात उत्पादन नियोजनात साध्या खुर्च्यांना आधी तास द्यायचे. महिनाअखेरीस विक्री प्रमुखांनी नवं कमिशन लागू करायचं. ते शिवणतासावर मोजणं विक्रीच्या माणसांना डोक्यावरून जाईल, म्हणून दोन प्रकारांना खुर्चीमागे वेगवेगळी रक्कम ठेवायची. दुसऱ्या महिन्यात वीसेक खास खुर्च्या बाहेरून शिवून बघायच्या. जमलं तर परत पाठवलेले ग्राहक त्या वाटेने पुन्हा घेता येतील. दर आठवड्याला दोन आकडे बघायचे: ओव्हरटाइमचे तास आणि उशिरा गेलेल्या ऑर्डरी.

यात एक ओळ अशी हवी की जी निर्णय उलटवेल. ‘साध्या खुर्च्यांची मागणी ९०० च्या खाली गेली आणि शिवणाचे तास रिकामे राहू लागले, तर खासवरची मर्यादा सैल करावी.’ कारण रिकाम्या तासाला ५०० मिळणं हे काहीच न मिळण्यापेक्षा बरं. तास अडतात तोवरच साधी खुर्ची वरचढ आहे, हे तुम्हाला समजलंय याचा याहून चांगला पुरावा नाही. खासची किंमत वाढवावी असं कोणी लिहिलं तर त्यालाही आकडा द्यावा: साधीच्या बरोबरीला यायला खासचं कॉन्ट्रिब्युशन १,८०० हवं, म्हणजे किंमत ४,५५० हवी, ३० टक्क्यांनी वर. ग्राहक ती देतील का, हे केस सांगत नाही. म्हणून मी ते शिफारशीत न घेता चाचणी म्हणून सुचवीन.

पाचही घरं, गुणाकारासकट, आठ-दहा मिनिटांत भरतात. मग वीस मिनिटं लिहायला. लिहिताना घरांचा क्रम मोडा: शिफारस पहिल्या तीन ओळींत, मग कारण, मग तक्ता, मग पावलं. तक्ता जसाच्या तसा उतरवा, तो तुमचा अर्ध्या पानाचा मजकूर वाचवतो.

बाकीच्या नावाजलेल्या चौकटी टाकून द्यायच्या असं नाही. त्या पाचांपैकी एखादं घर भरायला मदतीला येतात, तेवढंच. मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या फाइव्ह फोर्सेसचा प्रश्न ‘या उद्योगात पैसा का मिळतो किंवा का मिळत नाही’ असा आहे. नव्या उद्योगात शिरायचं का, अशी केस असेल तर तिथून निकष मिळतात. खुर्च्यांच्या केसमध्ये ते पाच जोर लिहून हाताला काही लागत नाही, कारण बिघाड कंपनीच्या आत आहे. वाढ कुठून आणायची असं विचारलं असेल तर अँसॉफचा चौकोन पर्याय सुचवायला उत्तम: जुना-नवा माल आणि जुना-नवा बाजार यांच्या चार जोड्या, दोन मिनिटांचं काम. बीसीजी मॅट्रिक्स मात्र जपून. तिला बाजाराच्या वाढीचा दर लागतो आणि सर्वांत मोठ्या स्पर्धकाच्या तुलनेतला हिस्सा लागतो. केसमध्ये स्पर्धकाचा हिस्सा दिलेला नसेल तर मॅट्रिक्स भरताच येत नाही, तरी मुलं ‘कॅश काऊ’ लिहून मोकळी होतात. प्रश्नातच ‘स्वॉट करा’ असं म्हटलं असेल तर अर्थातच करा, पण दर कप्प्यात दोनच मुद्दे, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे तो कोणत्या पर्यायाच्या बाजूचा किंवा विरुद्धचा हे एका शब्दात.

माणसांच्या केसमध्ये, म्हणजे दोन व्यवस्थापकांचं पटत नाही किंवा चांगला माणूस सोडून चालला आहे अशा ठिकाणी, आकडे नसतात. चौकट तीच चालते, फक्त तक्त्यात आकड्याच्या जागी केसमधला पुरावा लिहायचा: कोण काय म्हणालं, कोणत्या बैठकीत काय झालं. पुराव्याशिवाय नुसतं जास्त-कमी लिहिलं तर तो तक्ता सजावटीचा होतो. जी केस निर्णय मागतच नाही, ‘कंपनीने जे केलं त्याचं मूल्यमापन करा’ एवढंच म्हणते, तिथे पहिल्या घरात घेतलेला निर्णय लिहा, चौथ्यात त्या वेळी हाताशी असलेले दुसरे पर्याय, आणि पाचव्यात परिणाम. बाकी तसंच.

माहिती अपुरी वाटली तर अडून बसू नका. ‘गृहीत: बाहेरून शिवलेल्या कव्हरची परत येण्याची टक्केवारी आतल्याइतकीच’ अशी एक ओळ लिहा आणि ती चुकीची निघाली तर कोणता पर्याय बदलेल ते त्याच ओळीत जोडा. दोनपेक्षा जास्त गृहीतकं लागली तर बहुतेक वेळा परिशिष्ट नीट वाचलेलं नसतं.

आणि घड्याळात आठच मिनिटं उरली असतील, केस अजून कोरी असेल, तर क्रम असा: निर्णयाचं वाक्य, तीन पर्याय दोन निकषांचा तक्ता, खाली दोन ओळींत शिफारस आणि तिची किंमत. कारणाचं घर सोडा, पण अडणारी गोष्ट कोणती तेवढं शिफारशीच्या ओळीत ‘कारण शिवणाचे तास अपुरे आहेत’ असं घुसवा.